गिअरमागचा इनर्शिया मोटरच्या शाफ्टवर कसा आणायचा, आणि इनर्शिया रेशो किती ठेवायचा

आठ स्टेशनांचं एक गोल इंडेक्सिंग टेबल डोळ्यांसमोर आणा. दर वेळी ते अर्ध्या सेकंदात ४५ अंश फिरतं आणि थांबतं. त्याला ७५० वॅटची, ३००० आरपीएमची सर्व्हो मोटर आहे. मोटरला ५:१ चा प्लॅनेटरी गिअरबॉक्स आणि त्यापुढे २५ दात्यांचा पिनियन व १०० दात्यांचा गिअर, म्हणजे आणखी ४:१. टॉर्कचा हिशेब केला तर मोटर तिच्या रेटेड टॉर्कच्या जेमतेम निम्म्यावर चालते. तरीही टेबल थांबताना झुलतं, थांबल्यावर मोटर गुणगुणत राहते, आणि ड्राइव्हचा गेन जरा वाढवला की दाते कडकडू लागतात.

अशी अडचण माझ्यासमोर पहिल्यांदा आली तेव्हा मी दोन दिवस नुसत्या ट्यूनिंगमध्ये घालवले. कुठलाही आकडा टाकला तरी एक तर टेबल सुस्त चालायचं, नाही तर दाते वाजायचे. दोष ट्यूनिंगचा नव्हताच. गिअर रेशो निवडताना टॉर्क आणि वेग एवढंच पाहिलं होतं, मोटरच्या शाफ्टवर इनर्शिया किती येतो ते कुणी काढलंच नव्हतं. म्हणून हेच टेबल घेऊन तो हिशेब सुरुवातीपासून करू.

## भागाकारात वर्ग कुठून येतो

एकूण गिअर रेशो `N` आहे, म्हणजे टेबलाचा एक फेरा होतो तेव्हा मोटरचे `N` फेरे होतात. टेबलाला वेग द्यायला जो टॉर्क लागतो तो गिअरमुळे मोटरकडे `N` पटीने कमी होऊन येतो. हे सगळ्यांना माहीत असतं. विसरली जाते ती दुसरी बाजू: टेबलाला जेवढं प्रवेगायचं आहे त्याच्या `N` पट प्रवेग मोटरला घ्यावा लागतो. इनर्शिया म्हणजे टॉर्क भागिले प्रवेग. वरचा आकडा `N` पट लहान झाला आणि खालचा `N` पट मोठा, म्हणून मोटरला टेबलाचा इनर्शिया `N` च्या वर्गाने भागून जाणवतो.

```
J_ref = J_L / N²
```

ऊर्जेनेही पडताळता येतं. टेबलात साठलेली फिरती ऊर्जा तीच आहे, फक्त ती आपण मोटरच्या वेगात मोजतो आहोत. वेग `N` पट झाला की ऊर्जेच्या सूत्रातला वेगाचा वर्ग `N²` पट होतो, त्यामुळे ऊर्जा तेवढीच राहायला इनर्शिया `N²` पटीने कमी धरावा लागतो.

गिअरच्या एकापेक्षा जास्त पायऱ्या असतील तर एक नियम धरून चालायचं: प्रत्येक भागाचा इनर्शिया, तो भाग आणि मोटर यांच्यामध्ये जेवढा रेशो आहे, त्याच्या वर्गाने भागायचा. टेबल आणि त्यावरचा मोठा गिअर एकूण रेशोच्या वर्गाने भागायचे. पिनियन गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर बसतो, म्हणून त्याला फक्त गिअरबॉक्सच्या रेशोचा वर्ग लागतो. मोटरच्या शाफ्टवरच बसलेल्या वस्तूला कशानेही भागायचं नाही.

## टेबलाच्या अक्षावर किती आहे

टेबलाची तबकडी ॲल्युमिनियमची आहे, व्यास ६०० मिमी आणि जाडी २० मिमी. घनता २७०० किग्रॅ प्रति घनमीटर धरली तर वजन १५.२७ किग्रॅ येतं. भरीव तबकडीचा इनर्शिया म्हणजे वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, त्याचा अर्धा:

```
0.5 × 15.27 × 0.30² = 0.687 kg·m²
```

तबकडीवर आठ फिक्स्चर आहेत. जॉबसकट प्रत्येकाचं वजन २.५ किग्रॅ, आणि केंद्रापासून २४० मिमी अंतरावर.

```
8 × 2.5 × 0.24² = 1.152 kg·m²
```

फिक्स्चरचं एकूण वजन २० किग्रॅ, म्हणजे तबकडीपेक्षा फार जास्त नाही, पण त्यांचा इनर्शिया दीडपटीहून अधिक आहे. वजन कुठे बसलंय याला इथे फार महत्त्व असतं. फिक्स्चर फक्त ३० मिमी आत घेता आली तर हा आकडा १.१५ वरून ०.८८ वर येतो, म्हणजे जवळजवळ पाव भाग कमी. गिअरबॉक्स बदलण्याआधी फिक्स्चरच्या ड्रॉइंगकडे एकदा बघणं म्हणूनच फायद्याचं ठरतं.

प्रत्येक फिक्स्चर स्वतःच्या केंद्राभोवतीही फिरतं. १०० मिमी चौरस ठोकळा धरला तर आठांचा मिळून तो वाटा ०.०३३ येतो. छोटा आहे, पण लिहून ठेवा. मोठा गिअर पोलादी, २०० मिमी पिच व्यासाचा आणि २५ मिमी रुंद. तो भरीव धरला तर ०.०३१. सगळ्यांची बेरीज १.९० किग्रॅ-मी².

चूक सर्वात जास्त होते ती याच पायरीवर, आणि बहुतेक वेळा एककांमुळे. मोटरच्या कॅटलॉगमध्ये इनर्शिया सहसा किग्रॅ-सेमी² किंवा दहाचा उणे चौथा घात किग्रॅ-मी² अशा रूपात दिलेला असतो, आणि हे दोन्ही आकडे सारखेच असतात. म्हणजे आपला १.९० किग्रॅ-मी² म्हणजे १९,००० किग्रॅ-सेमी². कॅड सॉफ्टवेअर अनेकदा ग्रॅम-मिमी² मध्ये आकडा देतं, त्यात १ किग्रॅ-मी² म्हणजे १०० कोटी. जुन्या कॅटलॉगमध्ये `GD²` दिसला तर तो आपल्या `J` च्या चौपट असतो, हे न पाहता तसाच घेतला की सगळा हिशेब चारने चुकतो. कॅडमधून आकडा घेताना तो कुठल्या अक्षाभोवतीचा आहे तेही बघा. सॉफ्टवेअर भागाच्या स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवतीचा इनर्शिया आधी दाखवतं. तो उचलला तर आपल्या उदाहरणात फिक्स्चरचा १.१५ गायब होऊन नुसता ०.०३ उरेल.

## टेबलापासून मोटरपर्यंत

आता सध्याच्या २० च्या एकूण रेशोने सुरुवात करू.

टेबल आणि मोठा गिअर: १९,००० भागिले ४००, म्हणजे ४७.५ किग्रॅ-सेमी².

पिनियन आणि गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट: ५० मिमी व्यासाच्या पोलादी पिनियनचा इनर्शिया १.२ किग्रॅ-सेमी² येतो. शाफ्ट आणि हबचे ३ धरू, मिळून ४.२. भागिले ५ चा वर्ग, म्हणजे ०.१७.

गिअरबॉक्सची इनपुट बाजू: सन गिअर आणि मोटरचा शाफ्ट पकडणारा क्लॅम्पिंग हब. गिअरबॉक्सच्या डेटाशीटमध्ये हा इनर्शिया इनपुट शाफ्टवर आणूनच दिलेला असतो. आपण ०.३ धरू, आणि त्याला कशानेही भागायचं नाही.

एकूण ४८.० किग्रॅ-सेमी². मोटरच्या रोटरचा स्वतःचा इनर्शिया १.० किग्रॅ-सेमी² आहे. मोटरवर आलेला इनर्शिया भागिले रोटरचा इनर्शिया म्हणजे इनर्शिया रेशो, इथे तो ४८.

त्या छोट्या क्लॅम्पिंग हबकडे जरा थांबून बघा. पुढे आपण एकूण रेशो ६० करणार आहोत. तेव्हा मोटरच्या शाफ्टवरचे हे ०.३ किग्रॅ-सेमी² टेबलाच्या अक्षावर नेले तर ३६०० ने गुणावे लागतात, आणि ते ०.१०८ किग्रॅ-मी² होतात. एवढा इनर्शिया म्हणजे टेबलावर २४० मिमीवर जवळजवळ १.९ किग्रॅ वजन ठेवल्यासारखं. मुठीत मावणारा हब, पण मोटरला तो पाऊण फिक्स्चरएवढा भारी पडतो. मोटरच्या बाजूला जाडजूड कपलिंग, मोठी पुली किंवा ब्रेक बसवताना हे विसरू नये. ब्रेकवाली मोटर घेतली तर कॅटलॉगमधला ब्रेकसकटचा रोटर इनर्शिया घ्या, तो साध्या मोटरपेक्षा जास्त असतो.

गिअरची कार्यक्षमता इनर्शिया रेशोमध्ये मिसळायची नाही. वेग घेताना घर्षणामुळे मोटरला जास्त टॉर्क लागतो, थांबताना तेच घर्षण मदत करतं. ती गोष्ट टॉर्कच्या हिशेबात धरायची. रेशो मात्र शुद्ध `J / N²` वरूनच काढायचा.

## ४८ मध्ये वाईट काय आहे

टॉर्क आधी पाहू. ४५ अंश अर्ध्या सेकंदात, निम्मा वेळ वेग घेत आणि निम्मा थांबत, म्हणजे टेबलाचा प्रवेग १२.५७ रेडियन प्रति सेकंद² आणि सर्वोच्च वेग ३० आरपीएम. मोटरच्या शाफ्टवर लागणारा टॉर्क १.२३ न्यूटन-मीटर. मोटरचा रेटेड टॉर्क २.३९. म्हणजे टॉर्कच्या बाजूने काहीच तक्रार नाही. मग अडतं कुठे?

अडतं ते गिअरच्या लवचिकतेत आणि बॅकलॅशमध्ये. दाते, शाफ्ट, गिअरबॉक्सचं कॅरिअर हे सगळं थोडं पिळवटतं, आणि दात्यांच्या मध्ये थोडी फट असते. मोटर आणि टेबल ही दोन वजनं एका स्प्रिंगने जोडलेली आहेत असं समजा. मोटर हळू हलवली तर दोन्ही एकत्र हलतात आणि मोटरला एकूण इनर्शिया जाणवतो. मोटर फार वेगाने थरथरवली तर टेबल जागच्या जागी राहतं आणि मोटरला फक्त स्वतःचाच इनर्शिया जाणवतो.

ड्राइव्हचे गेन आपण एकूण इनर्शियासाठी लावतो, म्हणजे रोटर धरून ४९. पण दाते बॅकलॅशच्या फटीतून जात असतात त्या क्षणी मोटरकडे उरतो फक्त रोटर आणि हबचा १.३. ४९ साठी लावलेला गेन १.३ वर चालतो, म्हणजे तेवढ्या क्षणापुरता तो जवळजवळ ३८ पट जास्त असतो. मोटर फटीत झेप घेते, दात्याच्या दुसऱ्या बाजूला आपटते, मग परत फिरते. तोच कडकडाट, आणि थांबल्यावरचं गुणगुणणंही तेच. गेन कमी केला की आवाज थांबतो, पण मग ४९ चा एकूण इनर्शिया सांभाळायला जोर पुरत नाही आणि टेबल झुलतं. दोन्ही तक्रारी एकाच मुळाच्या आहेत, म्हणून ट्यूनिंगमध्ये त्यातली फक्त एकच मिटते.

फट केवढी असते तेही पाहू. मोठ्या गिअरच्या पिच वर्तुळावर ०.१ मिमी बॅकलॅश आहे असं धरा. १०० मिमी त्रिज्येवर ते टेबलाचे ०.००१ रेडियन, दिसायला काहीच नाही. पण एकूण रेशो ६० असेल तर मोटरच्या शाफ्टवर ते ३.४ अंश होतात. मोटरवर १७ बिटांचा एन्कोडर असेल तर एका फेऱ्यात १,३१,०७२ काउंट, म्हणजे या फटीत साधारण १२५० काउंट मोटर एकटीच हलते आणि टेबलाला काही कळत नाही.

यावरून हेही लक्षात येतं की इनर्शिया रेशोला सर्वांसाठी एकच पवित्र आकडा नाही. फट आणि लवचिकता जितकी कमी, तितका मोठा रेशो चालतो. टेबल थेट मोटरवर बसवलेल्या डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मध्ये गिअरच नसतो, तिथे रेशो कितीतरी मोठा असूनही मशीन उत्तम चालतं. उलट, झिजलेल्या गिअरजोडीवर ५ सुद्धा त्रास देतो. मी स्वतः गिअर असलेल्या, झटपट थांबणाऱ्या टेबलासाठी ५ च्या आसपास धरतो. कमी घाईच्या कामाला १० पर्यंत बेधडक जातो, आणि १० च्या पुढे जायचं तर आधी गिअरबॉक्सची कडकपणाची आणि बॅकलॅशची माहिती मागवतो. कॅटलॉगमध्ये मोटरसाठी रेशोची जी कमाल मर्यादा दिलेली असते, ती ओलांडली तर ड्राइव्हचं ऑटोट्यूनिंग आणि ब्रेकिंग यांची खात्री राहत नाही. तो आकडा म्हणजे बाहेरची भिंत, तिथवर जायलाच हवं असा त्याचा अर्थ नाही.

१:१ चा इनर्शिया रेशो सर्वात चांगला, असं बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतं. दिलेल्या मोटरने कमीत कमी टॉर्कमध्ये टेबल हलवायचं असेल तर एकूण रेशो टेबल आणि मोटरच्या इनर्शियाच्या भागाकाराच्या वर्गमुळाएवढा ठेवावा, हे खरं आहे. मोटरच्या बाजूला रोटर आणि हबचा मिळून १.३ धरला तर आपल्या टेबलाला तो १२१ येतो. पण मोटर मग ३६०० आरपीएमच्या पुढे जाते. आणि या ठिकाणी वक्र इतका सपाट असतो की रेशो निम्मा, म्हणजे ६० केला तरी टॉर्क फक्त चौथ्या हिश्शाने वाढतो. तो आदर्श बिंदू गाठायला धडपडण्यात अर्थ नाही.

## चार पर्याय मांडून बघू

गिअरजोडी ४:१ तीच ठेवून गिअरबॉक्स बदलला तर असं दिसतं:

| गिअरबॉक्स | एकूण रेशो | मोटरचा सर्वोच्च वेग (आरपीएम) | मोटरवर आलेला इनर्शिया (किग्रॅ-सेमी²) | इनर्शिया रेशो | वेग घेताना टॉर्क (न्यूटन-मीटर) |
|---|---|---|---|---|---|
| ५ | २० | ६०० | ४८.० | ४८ | १.२३ |
| १० | ४० | १२०० | १२.२ | १२ | ०.६६ |
| १५ | ६० | १८०० | ५.६ | ५.६ | ०.५० |
| २५ | १०० | ३००० | २.२ | २.२ | ०.४० |

पहिल्या ओळीत मोटर ६०० आरपीएमच्या वर जातच नाही. ३००० ची मोटर ६०० वर चालवणं म्हणजे तिचा वेग वाया घालवणं, आणि न वापरलेला वेग हाच इनर्शिया कमी करायचा सर्वात स्वस्त मार्ग असतो. मोठ्या इनर्शिया रेशोची तक्रार आली की मी आधी हाच स्तंभ बघतो.

शेवटच्या ओळीत रेशो सुंदर आहे, पण मोटर रेटेड वेगाच्या टोकाला आहे. उद्या कुणी अर्ध्या सेकंदाचं ०.४ करा म्हटलं की ती ३७५० वर जाईल. शिवाय १०० वरून ६० वर आलो तर टॉर्क ०.४० चा ०.५० होतो, आणि २.३९ च्या मोटरला तो फरक जाणवणारही नाही. म्हणून माझी निवड एकूण ६० ची.

मोटरच बदलायचा दुसरा मार्ग आहे. जास्त इनर्शियाच्या मोटरी मिळतात, समजा रोटर ४.० किग्रॅ-सेमी² चा. एकूण रेशो २० च ठेवून ती बसवली तर इनर्शिया रेशो ४८ वरून १२ वर येतो आणि टॉर्क १.२३ चा फक्त १.३१ होतो. ६० च्या रेशोवर मात्र तीच मोटर टॉर्क जवळजवळ दीडपट करते. म्हणजे गिअरबॉक्स बदलणं शक्यच नसेल आणि एकूण रेशो लहान असेल, तर जड रोटरची मोटर चांगला उपाय आहे. साध्या मोटरच्या शाफ्टवर फ्लायव्हील लावून रेशो सुधारणं मात्र मी टाळतो. तिथे क्लॅम्प सैल होण्याची आणखी एक जागा तयार होते.

## ६० कसे करायचे, तेही महत्त्वाचं

१५:१ चा प्लॅनेटरी गिअरबॉक्स सहसा दोन पायऱ्यांचा असतो, १०:१ चा एकाच पायरीत मिळतो. ४ × १५ ऐवजी ६ × १० केलं तरीही ६० च होतात. त्यासाठी पिनियन २० दात्यांचा आणि मोठा गिअर १२० दात्यांचा लागतो. मोठ्या गिअरचा व्यास २४० मिमी होतो, टेबलाचा इनर्शिया १.९० चा १.९४ होतो, आणि मोटरवर ५.६ ऐवजी ५.७ येतात. इनर्शियाच्या हिशेबात दोन्ही पर्याय सारखेच.

पण कडकपणा सारखा राहत नाही. गिअरबॉक्सच्या आउटपुटचा पिळाचा कडकपणा ३.५ न्यूटन-मीटर प्रति आर्कमिनिट धरू, म्हणजे सुमारे १२,००० न्यूटन-मीटर प्रति रेडियन. हा टेबलाच्या अक्षावर आणताना पुढच्या गिअरजोडीच्या रेशोच्या वर्गाने गुणायचा. ४:१ असेल तर १,९२,५००, आणि ६:१ असेल तर ४,३३,००० च्या आसपास. मोटर जागच्या जागी धरून ठेवली तर टेबल किती वेगाने झुलेल हे यावरून निघतं:

```
f = (1 / 2π) × √(K / J_L)
```

४:१ ला ५१ हर्ट्झ, ६:१ ला ७५ हर्ट्झ. दात्यांची आणि बेअरिंगची लवचिकता यात धरलेली नाही, म्हणून प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे खाली येतील, पण क्रम हाच राहील. ड्राइव्हच्या वेगाच्या लूपची बँडविड्थ या आकड्याच्या बरीच खाली ठेवावी लागते. मी सुरुवात एक-तृतीयांशापासून करतो. म्हणजे ६:१ मध्ये त्याच मोटरला, त्याच इनर्शिया रेशोवर, दीडपट जोरात चालवायची मोकळीक मिळते. गिअरबॉक्सचा बॅकलॅशही टेबलावर ४ ऐवजी ६ ने भागला जातो.

मोटर बदलली किंवा गिअरबॉक्सचा रेशो बदलला तरी हा ५१ किंवा ७५ चा आकडा हलत नाही, जोपर्यंत आउटपुटचा कडकपणा तोच आहे. इनर्शिया रेशो कमी केल्याने मोटर आणि टेबल यांच्यातला गेनचा फरक कमी होतो, पण टेबल आपल्या स्प्रिंगवर झुलायचा वेग तोच राहतो. रेशो ३ वर आणूनही टेबल झुलत असेल तर आणखी मोठा गिअरबॉक्स घेऊ नका. लवचिकता कुठे आहे ते शोधा: कपलिंग, लांब शाफ्ट, गिअरबॉक्स बसवलेली पातळ प्लेट. जागा असेल तर शेवटच्या जोडीत जितका जास्त रेशो देता येईल तितका द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

इनर्शिया बदलत असेल तर दोन्ही टोकं काढा. आपल्या टेबलावरून जॉब काढले आणि फिक्स्चर १.५ किग्रॅचं उरलं तर १.९० चा १.४३ होतो, पाव भागाचा फरक. ते एकाच ट्यूनिंगमध्ये निभावतं. गुंडाळणाऱ्या रिळाचं मात्र तसं नसतं. तिथे गुंडाळलेल्या मालाचा इनर्शिया व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे भरलेल्या आणि रिकाम्या रिळासाठी गेन चालू असतानाच बदलायची सोय लागते.

## मशीनवर पडताळणी

मशीन जोडून झालं की ड्राइव्हला इनर्शिया रेशो मोजायला लावा आणि आपला ५.७ शेजारी लिहून ठेवा. काही ड्राइव्ह तो ५.७ पट म्हणून दाखवतात, काही ५७०% म्हणून. मॅन्युअलमध्ये हे आधी वाचून घ्या.

मोजताना मोटर निदान दोन-तीन फेरे फिरू द्या. हालचाल लहान असेल तर तिचा मोठा भाग त्या ३.४ अंशांच्या फटीत जातो, आणि ड्राइव्हला टेबल हलकं वाटतं. मापन दोन्ही दिशांना तीन-चार वेळा करा. आकडा दर वेळी बदलत असेल तर तो घेऊ नका. घर्षण असमान आहे किंवा फट मोठी आहे, असा त्याचा अर्थ होतो.

मोजलेला आकडा आपल्या आकड्याच्या २० टक्क्यांच्या आत आला की मी पुढे जातो. निम्मा किंवा दुप्पट आला तर आधी एककं, `GD²`, व्यास-त्रिज्या आणि दात्यांची मोजणी तपासतो. ४:१ समजून ३:१ ची जोडी बसवली गेली असेल तर टेबलाचा वाटा १.७८ पट दिसतो, आणि टेबलाचा एक फेरा हाताने मोजला की ते लगेच उघड होतं. आकडा १ च्या खाली, अगदी ०.५ वगैरे आला, तर मोटरच्या शाफ्टवरचा क्लॅम्प घसरतो आहे का ते बघा. शाफ्ट आणि हबवर मार्करने एक सरळ रेघ ओढा, दहा मिनिटं मशीन चालवा आणि रेघ जुळते का पाहा.

आवाज उरला असेल तर बॅकलॅश की लवचिकता, हे ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. टेबल थांबलेलं, सर्व्हो चालू आणि मोटर गुणगुणत असताना टेबलाच्या कडेला बांधलेल्या दोरीने, दूर उभं राहून, एका दिशेला हलका आणि सतत ताण द्या. हात टेबलाला लावू नका, ते अचानक फिरू शकतं. ताण दिल्यावर गुणगुणणं बंद झालं तर दाते एका बाजूला टेकून राहिले, म्हणजे कारण बॅकलॅश. तेव्हा पिनियन जरा आत सरकवून फट कमी करता येते, पण गिअरच्या एका पूर्ण फेऱ्यात सर्वात घट्ट जागी थोडी फट उरलीच पाहिजे. ताण देऊनही त्याच सुरात आवाज चालू राहिला तर तो लवचिकतेचा अनुनाद आहे. ड्राइव्हच्या ट्रेसमध्ये त्याची वारंवारिता मोजा आणि नॉच फिल्टर तिथे लावा.

फिरताना एकच ठोका ऐकू येतो, बरोबर हालचालीच्या मध्यावर? त्रिकोणी वेगाच्या आलेखात वेग घेणं संपून थांबणं सुरू होतं तो क्षण तो. टॉर्कची दिशा तिथे उलटते आणि दाते एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जातात. मध्ये ५० मिलिसेकंद स्थिर वेगाचा तुकडा टाकला आणि कोपरे एस आकाराचे गोल केले की दाते अलगद बाजू बदलतात. त्यासाठी प्रवेग थोडा वाढवावा लागतो, पण २.३९ च्या मोटरला ०.५० लागत असताना तेवढी जागा आपल्याकडे आहे.